उघडे नंबर आणि मी अ‍ॅडमिन

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तसं कोणी वाचणार नाही, अशीच माझी आशा आहे.

मी कमी बोलते. बचत गटाच्या मीटिंगमध्ये भिंतीला टेकून बसते आणि सह्या झाल्या की उठते. धाड गावाच्या आसपासच्या खेड्यांतल्या गटांचा मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तीन-चारशे बाया असतील. त्यात मी एक अक्षर कधी टाकलं नव्हतं, संक्रांतीलासुद्धा नाही. ग्रुप चालवणाऱ्या ताईंची बदली झाली. त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि दुसऱ्या कोणाला अ‍ॅडमिन करायचं विसरल्या. मग व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या मनाने एक बाई निवडली. ती मी.

"मुकीच्या हातात भोंगा देला," आमचे हे म्हणाले.

गावात कोणाला पटेना की मला न विचारता हे झालं. वशिला लावला म्हणाल्या. वशिला लावायला तरी बोलावं लागतं!

मग सुरू झालं. माझ्या नणंदेले घ्या, माझ्या भावजयीले घ्या. एकेकीला नंबर विचारायचा म्हणजे एकेकीशी बोलायचं. त्यापेक्षा मी ग्रुपची लिंक काढली आणि सगळ्यांना देऊन टाकली. ज्याला यायचं त्याने यावं, मला विचारू नये. कोणीतरी त्या लिंकचा कागद छापून बाजाराच्या दिवशी पापडाच्या दुकानावर चिकटवला. तो पाहून मला फार बरं वाटलं होतं. इतकी मी हुशार.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर विकाऊ बोकडाचे फोटो आले. मग घरबसल्या कर्ज देणारे आले. बोकडाच्या मालकाला चांगल्या मिशा होत्या, त्यावरून मला उपाय सुचला. दुपारी बसले आणि फोटोत मिशी दिसेल तो नंबर ग्रुपमधून काढत गेले. एक फोटो शेगावच्या महाराजांचा होता. तो माणूस कोण, बाई की बुवा, काही कळत नव्हतं. पण महाराजांना ग्रुपमधून कसं काढायचं? हात जोडले आणि पुढे गेले.

संध्याकाळी गिरणीवर बायांनी मला घेरलं.

"मले काऊन काढलं व?"

"मलेबी काढलं. म्या काय केलं तुवं?"

आमच्याकडे निम्म्या बायांचे फोन नवऱ्याचे. त्यावर फोटो नवऱ्याचा, मिशीही नवऱ्याची. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः वर्षभर आमच्या ह्यांच्या मिशीखालीच ग्रुपमध्ये होते. सगळ्यांना परत घेतलं आणि यापुढे फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकेल असं करून ठेवलं. ग्रुप एकदम गप्प झाला. अगदी माझ्यासारखा. मला वाटलं, दार लागलं.

चार दिवसांनी आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीची सून गिरणीवरून दळण घेऊन येताना माझ्या ओट्यावर बसली आणि रडायलाच लागली. ती ब्लाउज शिवते. गटातून कर्ज काढून तिने फोन घेतला होता. नमुन्याचे फोटो, मापं, गिऱ्हाईक, सगळं त्या फोनवर. हप्ताही त्याच शिलाईतून जायचा. तिला अनोळखी नंबरावरून रोज मेसेज येत होता. सासूने लेकाकडून तो वाचून घेतला आणि फोन पेटीत घालून कुलूप लावलं.

"काय लिहिलं होतं व त्यानं?" मी विचारलं.

"जेवलात का, असं. अन् काकू, फोटो महाराजाचा हाय."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

"पण म्या तं ग्रुप बंद केला ना?"

"बोलणं बंद केलं तुमी, काकू. नंबर तं उघडेच हायत. ग्रुपच्या नावावर बोट ठेवा, सगळ्याईची यादी येते. कोणीबी कोणालेबी एकटीले मेसेज करू शकते."

मी आतापर्यंत समजत होते की यादी फक्त मलाच दिसते, अ‍ॅडमिन म्हणून.

"पेटीले कुलूप लावून आत्याबाई म्हणतात, गावात इतक्या बाया असून त्यानं मलेच काऊन इचारलं? आता मी काय सांगू?"

सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं, आणि तेच मला सांगायचं नव्हतं. तोच मेसेज मलाही आला होता. आणि मी उत्तर दिलं होतं. कोणी जेवलात का विचारलं आणि आपण तोंड फिरवलं, असं आमच्यात करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सासूकडे गेले. वाटेत दोनदा परत फिरले. म्हातारी तूर पाखडत होती.

"ये व. सुनंची तरफदारी कराले आली का?"

मी फोन काढून शेजारी बसलेल्या तिच्या लेकापुढे धरला. तो वाचायला लागला, मोठ्याने.

"जेवलात का? ... हो. ज्वारीची भाकर, मेथीची भाजी. तुम्ही?"

म्हातारीचं सूप थांबलं. "हे कोणं लिहिलं?"

"म्या," मी म्हणाले.

"पुढं हाय अजून," लेक म्हणाला. "तुम्ही खूप सुंदर आहात... अन् काकूनं लिहिलं, मले चष्मा हाय."

म्हातारी हसली ती हसतच राहिली. पदर डोळ्याला लावला. "अवं माय! नातवंडं झाली तुले, अन् त्याले मेथीची भाजी सांगून राह्यली!"

"मावशी, तो सगळ्याईलेच इचारते. नंबर ग्रुपातून घेतले त्यानं. दार म्या उघडं ठेवलं. तुमच्या सुनंचा काय गुन्हा? तिनं तं जबाबबी देला नाही."

इतकं मी एका दमात आयुष्यात बोलले नव्हते. म्हातारीने कमरेची किल्ली काढून लेकाकडे टाकली. "दे तिले फोन. गुन्हेगार तं हे इथं बसली."

मग सून माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि आम्ही दोघींनी तो नंबर रिपोर्ट करून ब्लॉक केला. तिने फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असा करून ठेवला. जुनी लिंक रद्द केली. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी म्हणून असते, ती नवी काढली. कम्युनिटीच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये बायांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. अ‍ॅडमिनला दिसतात, आणि नंबर आधीच जवळ असेल तर तो दिसतो. जुना ग्रुप रिकामा केला. ज्याने नंबर आधीच उतरवून घेतले, त्याच्याकडून ते परत घेता येत नाहीत. म्हणून ब्लॉक कसं करायचं ते मीटिंगमध्ये दाखवावं लागलं. मी उभी राहून दाखवलं. भिंत सोडली नाही, पण उभी राहिले.

आता कोणाला यायचं असेल तर माझी परवानगी लागते, म्हणजे मलाच फोन करून खात्री करावी लागते. पहिलाच फोन एका पुरुषाने उचलला. मी घाबरून विचारलं, "तुमी बाई हायत का?"

"तुमाले काय वाटते?" तो म्हणाला, आणि आत हाक मारली, "घे व, तुयी मॅडम हाय!"

त्या लग्नसराईत सुनेच्या मशीनला उसंत नव्हती. सासू स्वतः दाराशी बसून गिऱ्हाइकांना माझी मेथीची भाजी सांगायची. दिवाळीच्या आधीच्या मीटिंगमध्ये सून आली, फोनच्या कर्जाचा शेवटचा हप्ता तिने पुढे ठेवला, आणि गटाचे पैसे पूर्ण फिटले.