शेळ्या आणि बेरीज

मे महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी साडेअकरा. रक्कम दहा गुण, पाच अधिक पाच. हजर आम्ही दोघंच होतो, मी आणि टेबलाच्या पलीकडे भूमच्या कॉलेजातले एक सर. जिल्ह्यात तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासणारे मोजकेच आहेत आणि त्या दिवशी बाकीचे आले नव्हते. पुढं जे झालं ते त्या दहा गुणांवरून झालं, म्हणून आधी हे लिहून ठेवतो.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवतो. तिसऱ्या वर्षाला त्या साली चार विद्यार्थी होते. त्यातली एक मुलगी बेंबळीहून एसटीनं यायची. पहिली गाडी चुकली तर पहिला तास बुडायचा, तशी ती वर्षभरात सहा वेळा बुडली. हजेरीपट माझ्याकडंच असल्यामुळं आकडा पक्का आहे.

डिसेंबरात ज्ञानमीमांसेचा घटक घेतला. ज्ञान बुद्धीतून येतं की अनुभवातून, हा त्यातला जुना वाद. परीक्षेत दरवर्षी पाच गुणांची दोन टिपणं येतात, एकात बुद्धिवादाची बाजू मांडायची आणि दुसऱ्यात अनुभववादाची. मुलं गाइडमधली नावं आणि व्याख्या पाठ करून ओततात. मला त्याचा कंटाळा होता. मी सांगितलं, "नावं राहू द्या बाजूला. पहिल्या वाक्यात दावा करा, मग कारण द्या. एक उदाहरण, तेही तुमच्या डोळ्यांसमोरचं. मग समोरच्याचा सगळ्यात जड आक्षेप स्वतःच घ्या आणि त्याला उत्तर द्या. पाच गुणांना एवढं पुष्कळ झालं."

मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, दोन्ही बरोबर हायेत असं लिहिलं तर? दोन्हीकडनं गुण पडतील."

"एका बाजूचा वकील झालास तर एकाच पक्षाकडनं फी घ्यायची," मी म्हणालो. "निवाडा मागितला असेल तेव्हा निवाडा दे."

बेंबळीची मुलगी तोवर गप्प होती. मी तिला बुद्धिवादाची बाजू मांडायला सांगितली. ती उभी राहिली.

"तीन शेळ्या आमच्या, दोन चुलत्याच्या. सांजच्याला पाच परत याया पायजेत. चारच आल्या तर आमी शेळी हुडकायला जातो सर. बेरीज दुरुस्त करत न्हाय."

वर्ग हसला, पण मी हसलो नाही. वीस वर्षं मी त्रिकोणाच्या तीन कोनांचं उदाहरण देत आलो होतो आणि हे त्याहून सरस होतं. काही सत्यं अशी असतात की कुठलाही अनुभव त्यांना खोटं पाडू शकत नाही. अनुभव उलटा आला तर आपण अनुभवातच चूक शोधतो. बुद्धिवाद्याला नेमकं हेच म्हणायचं असतं.

मी आक्षेप घेतला, "पण तीन आणि दोन पाच हे तू लहानपणी बोटं मोजूनच शिकलीस ना? म्हणजे अनुभवातूनच."

तिनं थोडा विचार केला. "शिकले बोटांवर. पण ते खरं हाय ते बोटांमुळं न्हाय. बोट तुटलं तरी पाचच राहतील."

शिकण्याचं निमित्त वेगळं आणि खरेपणाचा आधार वेगळा. हा फरक मला एम. ए.ला गेल्यावर कळला होता.

मग मी तिला उलट बाजू दिली. तिची आत्या जन्मांध आहे. ती म्हणाली, "आत्याला कुंकू लाल, हळद पिवळी, समदं पाठ हाय. पण लाल म्हंजी काय ते तिला ठावं न्हाय. डोळ्यांतून आलंच न्हाय तर आत कुठून येणार? जन्मतः मनात कल्पना असत्या, तर लाल बी असता." शेळ्यांची बेरीज आडवी घातली तर अनुभववादी काय म्हणेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, "म्हणंल, बेरीज बरोबर हाय, पण ती आपल्याच कल्पनांचा हिशेब हाय. गोठ्यात खरोखर किती शेळ्या हायेत हे बेरीज सांगत न्हाय. जाऊन बघावं लागतं."

त्या दिवशी घरी जेवताना मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं खुश होऊन तुम्ही पोरींच्या लग्नातसुद्धा बोलला नव्हता."

त्या मुलीला पुढं विद्यापीठात एम. ए. करायचं होतं. घरी एक ठरलं होतं आणि ते तिनं मला सांगितलं होतं. पहिल्या यादीत नाव आलं तर हॉस्टेल मिळेल, मग वडील पाठवतील. नाही आलं तर भूमकडचं एक स्थळ थांबलेलं होतं. वडील वाईट नव्हते. बाहेर खोली करून ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती, एवढंच.

आता त्या सोमवारचं सांगतो. उत्तरपत्रिकांवर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. गठ्ठ्यातली अकरावी उघडली आणि दुसऱ्या प्रश्नात शेळ्या निघाल्या. तीन आमच्या, दोन चुलत्याच्या. खाली कुंकू, हळद आणि आत्या. दावा, कारण, उदाहरण, आक्षेप, उत्तर, सगळं मी सांगितलं त्याच क्रमानं होतं. नाव मात्र एकाही तत्त्वज्ञाचं नव्हतं.

उत्तरपत्रिका ओळखू आली तर ती दुसऱ्या परीक्षकाकडं द्यायची असते. समोर भूमचे सर बसले होते, हात लांब केला असता तर पोचली असती. मी दिली नाही. शेळ्या काय, अर्ध्या जिल्ह्याकडं आहेत, असं मनाशी म्हणालो. जन्मांध आत्याही कुणाची असू शकते. हे खोटं होतं आणि म्हणतानाच मला ते माहीत होतं.

मग आदर्श उत्तर समोर ठेवलं. प्रत्येक टिपणाला व्याख्या एक, तत्त्वज्ञांची नावं एक, पारिभाषिक संज्ञा एक, युक्तिवाद एक, मूल्यमापन एक. व्याख्येचा एक दिला. नावं नव्हती, शून्य. 'जन्मजात कल्पना', 'कोरी पाटी' हे शब्द तिनं लिहिले नव्हते, नुसता अर्थ लिहिला होता, शून्य. युक्तिवादाचा एक. आक्षेप आणि उत्तर म्हणजे मूल्यमापनच, पण तसा मथळा नव्हता, म्हणून तेही शून्य. दोन आणि दोन.

दुसऱ्या कुणाची असती तर चार आणि तीन दिले असते. हे मी नंतर ठरवलेलं नाही, तेव्हाही मला माहीत होतं. तिला झुकतं माप दिलं असं मला स्वतःला म्हणता येऊ नये, म्हणून मी हात आखडला. भाजीवाल्यानं दोन मिरच्या जास्त घातल्या तर परत करणारा माणूस आहे मी. त्याच सवयीनं तिचे गुण कापले.

भूमच्या सरांनी वर बघून विचारलं, "काय, लई वेळ अडकलात एकावर?"

"अक्षर बारीक आहे," मी म्हणालो.

यादी जुलैत लागली. पहिल्या यादीतल्या शेवटच्या नावाला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त होते.

तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. ती हातात पडेपर्यंत ऑगस्ट उजाडला. एका रविवारी ती घरी आली. बायकोनं पाणी दिलं. ती खाली चटईवर बसली, खुर्ची नको म्हणाली, आणि कागद माझ्यापुढं ठेवला.

"सर, हे अक्षर तुमचं हाय ना? तुमी दोनचा आकडा असाच काढता."

"हो," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बोट ठेवलं आणि विचारलं, "मग मला सांगा, कुठला टप्पा चुकला? म्या चार दिवस बघालीय. मला सापडंना."

"एकही नाही."

"दुसऱ्यातला?"

"त्यातलाही नाही."

"मग?"

मी आदर्श उत्तराचं सांगितलं. नावांचा एक, संज्ञांचा एक. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "पण नावं राहू द्या बाजूला असं तुमीच म्हणला होता." त्यात टोमणा नव्हता. आपण नीट ऐकलं होतं ना, एवढीच तिला खात्री हवी होती.

"मीच म्हणालो होतो. तू बरोबर ऐकलंस." मग उरलेलंही सांगितलं. पेपर ओळखला होता, दुसऱ्याकडं द्यायला हवा होता, दिला नाही, आणि ओळखला म्हणूनच कमी दिले.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुमाला उत्तर पटलं न्हाय. तेच लई लागलं होतं. गुणाचं नंतर."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली आणि तिनं नळ सोडला.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आम्ही तिथंच भरला. फी मी देतो म्हणालो. "न्हाय सर. माझा पेपर हाय, म्या भरते," ती म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. त्याच आठवड्यात मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, पेपर ओळखूनही तपासला असं कबूल करून. त्यावर एक ओळीचं उत्तर आलं, पुढील तीन परीक्षांना मला तपासणीस बोलावलं जाणार नाही. शिक्षा योग्यच होती. पण त्या शिक्षेचा मुलीला काही उपयोग नव्हता.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल नोव्हेंबरच्या शेवटी आला. प्रवेश सप्टेंबरात बंद झाले होते. लग्न दिवाळीनंतर लगेच झालं होतं. पत्रिका आली होती, पण मी गेलो नाही. बायको गेली आणि येऊन म्हणाली, "तिनं तुमचं विचारलं. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं मी."

सुधारित गुणपत्रिका घ्यायला तिचे वडील कॉलेजात आले. ऑफिसात नोंदवहीपाशी आमची गाठ पडली. त्यांनी कागद उलटसुलट केला.

"गुण वाढलं म्हणं, सर. मग आधी कुठं होतं ते?"

"मी कमी दिले होते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिनं आमाला सांगितलं न्हाय," ते म्हणाले, आणि कुठं सही करायची ते क्लार्कला विचारलं.

पहिल्या टिपणाला चार, दुसऱ्याला तीन, एकूण वाढ तीन गुण. बेंबळीच्या मुलीच्या नावावर जमा झाले, आणि वडिलांनी सही करून घेतले.