दुधाच्या दातांचं बोकड

शालूबाईनं तव्यावर पहिली भाकरी टाकली होती, चहाला उकळी यायची होती, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. सकाळचे साडेसहा. मेढ्यात जानेवारीत त्या वेळी कुणी कुणाचं दार वाजवत नाही. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून कोपरानं दार ढकललं. दारात उदयसिंह उभे होते, डोक्याला मफलर, पायांत लष्करातले बूट.

"बोकड कापलं न्हाईस ना?"

"न्हाई जी. तुमीच काल फोनवर थांब म्हणाला. म्या तर कालच्या दिवसमावळतीलाच कापते म्हणत हुते."

"बरं झालं. माझ्या अंगणात कापायचं. पाव्हण्यांच्या डोळ्यांदेखत."

उदयसिंहांच्या नातवाचं जावळ होतं. सुनेचे आईवडील सांगलीहून येणार होते. दिवाळीत हेच व्याही, जयराज, पंगतीत हसत म्हणाले होते, "कालचं दिसतंय मटण." चारचौघे हसले होते आणि उदयसिंहांना ते हसू अजून टोचत होतं.

शालूबाई पंचावन्नची. अठरा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा भावकी म्हणाली, दुकान बंद कर, बाईच्या हातात सुरी बरी दिसत न्हाई. तिनं दुसऱ्याच दिवशी सुरीला धार लावली. सुरुवातीला लोक मटण घ्यायला कमी आणि बाई कशी कापते ते बघायलाच जास्त यायचे. मग हळूहळू बघणं संपलं आणि घेणं राहिलं. जावळी तालुक्यातल्या जत्रा, जावळं, बारशी तिच्याकडं यायची, कारण तिचं मटण तोंडात विरघळायचं. तिची युक्ती एवढीच, की ती आदल्या संध्याकाळी कापायची, गार वाऱ्याला रात्रभर टांगायची आणि सकाळी द्यायची.

"आवं आबा," ती म्हणाली, "कापल्या कापल्या शिजवलं की मटण आखडतंय. वातड हुतंय. त्याला रात्र लागती."

"तू खाटकीण हायस का डाक्टर? रात्रीचं ठेवलेलं खायला घालू व्याह्यांना?"

"मग पंगत उशिरा धरा. मंद जाळावर चार-पाच तास तरी शिजू द्या."

"पाव्हणं साडेबाराला जेवणार."

एवढं बोलून ते मागच्या गोठ्यात शिरले. बोकडाचा जबडा त्यांनी स्वतः उघडला, अंगठ्यानं ओठ वर केला. दुधाचे दात, बारीक, एकसारखे. "कोवळं हाय," ते म्हणाले. आत भाकरी करपली होती.

पाहुणे उदयसिंहांच्या घरी अकराला आले. तोवर अंगणातल्या पोरांनी तिथं आणून बांधलेल्या बोकडाचं दावं सोडून त्याला दोनदा घराभोवती पळवलं. शालूबाई ओरडली, कुणी ऐकलं नाही. घाबरलेलं, दमलेलं जनावर लवकर ताठतं, हे तिला ठाऊक होतं. जयराज खुर्ची टाकून समोर बसले, तिनं कापलं, सोललं, फोडी केल्या. पाटावरची मांडीची फोड अजून आपसूक थरथरत होती. बघणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. जयराज मात्र खूश झाले, "ह्याला म्हणायचं ताजं!"

मागचा एक फरा, म्हणजे अख्खी मांडी, व्याह्यांबरोबर कच्चीच पाठवायची त्या घरची रीत होती. तेवढी शालूबाईनं सावलीत टांगली. बाकी सगळं गरम असतानाच खदखदत्या पातेल्यात गेलं.

ती चुलीपाशी उभी राहून बघत होती. फोडी पाण्यात पडताच अंग चोरून घेत होत्या, आखूड होत होत्या. वर फेस नि पाणी सुटत होतं. जनावरांच्या डॉक्टरनं एकदा दुकानात बसून तिला हे समजावलं होतं. मांसात बारीक तंतू असतात, ते एकमेकांना धरतात नि सोडतात, आणि धरलेलं सोडायलासुद्धा त्यांना बळ लागतं. जीव गेला तरी ते बळ लगेच संपत नाही. रक्त थांबलं की मांस आतली साखर मोडून थोडा वेळ तग धरतं, त्यात आंबट होत जातं. त्या बळानिशीच त्याला उकळत्या पाण्यात टाकलं, की तंतू सगळा जोर लावून आखडतात, रस पिळून टाकतात आणि तसेच शिजून घट्ट होतात. नाही शिजवलं, तर काही तासांत बळ सरतं, पकड सुटेनाशी होते आणि मांस लाकूड होतं. तेव्हा शिजवलं तर त्याहून वाईट. मग रात्रभरात मांसातलीच द्रव्यं त्या तंतूंची शिवण आतून हळूहळू उसवतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ते मऊ लागतं. डॉक्टर हे सांगायच्या आधीही शालूबाईच्या बोटांना ते कळत होतंच.

पंगत बसली. जयराजांनी पहिली फोड तोंडात घातली, चावली, या गालातून त्या गालात नेली. शेवटी ताटाच्या कडेला काढून ठेवली.

"व्याहीबुवा, ही चप्पल कुणाच्या पायातली?"

पंगत हसली. उदयसिंहांचा चेहरा काळा पडला. त्यांनी चुलीकडं बघून हाक मारली, "शाले! हिकडं ये."

ती पदराला हात पुसत पंगतीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"किती वेताची म्हातारी शेळी कापलीस?"

"शेळी कुठली आबा? बोकड हुतं. सगळ्यांच्या म्होरं तर कापलं."

"मग म्हातारं बोकड हुतं. गिऱ्हाईक बघून गंडा घालतीस व्हय?"

"दात तुमीच बघितलं की सकाळी. दुधाचं हुतं. तुमीच म्हणालासा, कोवळं हाय."

उदयसिंहांनी एकदा जयराजांकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "मी? मी न्हाई कसलं दात बघितलं."

मुंडी तर केव्हाच जाळात भाजून फोडली होती. दाखवायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी आपल्या ताटातली फोड तिच्या तळहातावर ठेवली. "चाव. सगळ्यांच्या देखत गिळून दाखव."

शालूबाईला उजवीकडच्या तीन दाढा नाहीत. ती डावीकडून चावू लागली. कुणीतरी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन. पोरांनी मोबाईल धरले. वीसला हशा झाला, चाळीसला कुणीतरी शिटी मारली. फोड तुटत नव्हती. तिचे डोळे पाणावले, ते चावण्यानं की कशानं, याची कुणाला पर्वा नव्हती. शेवटी तिनं अख्खीच गिळली आणि ठसका लागून खाली बसली.

"आता कळलं," जयराज म्हणाले. "आमच्या भावकीत पुढच्या म्हैन्यात चार जावळं हायत. सगळ्यांना सांगतो, मेढ्याच्या बाईच्या दुकानाची पायरी चढू नका म्हणून."

शालूबाईला तिथंच हिशोब लागला. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत खोऱ्यात फिरणार. जत्रांचे दिवस तोंडावर. ज्या नावावर अठरा वर्षं दुकान उभं होतं, ते नाव या पंगतीत उष्ट्या ताटांबरोबर उचललं गेलं होतं.

तिला जेवायला कुणी सांगितलं नाही. तिनं पाट धुतला, सुऱ्या फडक्यात बांधल्या.

तीनच्या सुमाराला पाहुणे निघाले. सावलीतला फरा काढायला उदयसिंहांनी तिलाच सांगितलं. तिनं हात लावला. सकाळी लोण्यासारखी लुसलुशीत असलेली मांडी आता दांडक्यासारखी ताठ होती. बोट रुतत नव्हतं. तिनं ती स्वच्छ कापडात गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत ठेवली.

जयराज पुढं बसून फोनवर बोलत होते. त्यांची बायको राजेश्वरी मागच्या दारापाशी साडी सावरत उभी होती. पंगतीत ती हसली नव्हती.

शालूबाई तिच्याजवळ गेली. हात जोडले नाहीत, रडली नाही.

"ताई, ह्यो फरा त्याच बोकडाचा हाय. आज शिजवू नका. घरी गेल्यावर फ्रीजात ठेवा, बर्फाच्या खणात नको, खालच्या खणात. उद्या दुपारी शिजवा, आन त्यातली एक फोड तुमी सोता खाऊन बघा. एवढंच मागणं हाय."