तीन ओळींचं उदाहरण

पक्षाघातानंतर बाबांची मराठी गेली आणि मेळघाटातली कोरकू तेवढी उरली. तीस वर्षं पुण्यात कारखान्यात काढलेल्या या माणसाने घरात कधी कोरकूचा शब्द काढला नव्हता. "पोरीला शाळेत हसतील," म्हणायचे. आता वाघोलीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर काहीतरी सांगत होते आणि आम्हाला ढिम्म कळत नव्हतं. "जन्मभर माझ्याशी मराठीत भांडले, आणि आता ही तऱ्हा!" म्हणून आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. गावच्या काकांना फोन लावला, तर बाबांनी फोन बाजूला सारला.

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी. म्हटलं, हे तर आपलंच काम! विभागाच्या ग्रंथालयातून कोरकूचं जाडजूड व्याकरण घेऊन आले. त्यात प्रत्येक उदाहरण तीन ओळींचं. वर मूळ वाक्य, शब्दांचे तुकडे जोडरेघांनी वेगळे केलेले. मधे प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ किंवा काम. शेवटी सरळ भाषांतर. नुसतं भाषांतर वाचून डोंबल कळतंय! 'मला' हा तुकडा क्रियापदाच्या पोटात शिरलेला दिसतो तो मधल्या ओळीत. चार दिवस मी मधल्या ओळीच वाचत होते.

आम्हा भाषाशास्त्रवाल्यांना एक वाईट खोड असते. वाक्य म्हणजे नमुना. त्यात कोण आलं, कोण गेलं, याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. उच्चार जमतोय का ते पाहावं म्हणून मी एका उदाहरणाची वरची ओळ बाबांसमोर मोठ्याने वाचली. बाबांनी झटकन मान वळवली. मग चांगल्या हाताने पलंगाची कड धरून उठायला लागले, नजर दाराकडे. अगं बाई, झालं तरी काय? तेव्हा कुठे मी खालची ओळ नीट वाचली.

'तुझी आई आली आहे.'

माझी आजी माझ्या जन्माआधीच वारली होती.

मी घाईघाईने नकाराचं प्रकरण उघडलं, मधल्या ओळींवर बोट फिरवत 'आई आली नाही' असं कसंबसं जुळवलं आणि तीनदा म्हटलं. बाबा थांबले. मग हळूच दोनच शब्द बोलले. मी ते वहीत उतरवले आणि पुस्तकात शोधत त्यांच्याखाली अर्थ लिहीत गेले. पहिला शब्द, आई. दुसरा प्रश्नांच्या प्रकरणात सापडला. कुठे.

इतक्या दिवसांत बाबांचं पहिलंच वाक्य मला पुरतं कळलं होतं, आणि मला ते कळायला नको होतं. उत्तराचे तुकडेही पुस्तकात होते. 'मरणे' तर भूतकाळाच्या पहिल्याच उदाहरणात, मीच पेन्सिलीने खूण केलेलं. मी पुस्तक मिटलं आणि बाबांचा हात धरून बसले. दाराकडे बघत त्यांनी पुन्हा तेच विचारलं.