साहेबांचा गाऊन कोणी उतरवायचा

देश स्वतंत्र होऊन काही वर्षे लोटली होती, पण ठाण्यातल्या ज्या इस्पितळात मी प्रयोगशाळा-सहायक म्हणून लागले, तिथे ती वार्ता पुरती पोहोचलेली दिसत नव्हती. निदान संसर्गजन्य रोगांच्या खोल्यांपर्यंत तरी नव्हतीच.

तिथे गाऊन चढवणे हा एक सोहळा होता. पुरुषभर उंचीचा आरसा खास त्यासाठी लावलेला. मुख्य डॉक्टर, म्हणजे आमचे साहेब, त्यापुढे उभे राहून मुखपट्टी बांधत, गाऊनमध्ये हात घालत आणि मानेची व कमरेची नाडी मागून कोणीतरी बांधेपर्यंत स्वतःचे रूप न्याहाळत. उतरवायच्या जागी आरसा नव्हता. तिथे होती एक खुंटी, एक हात धुण्याचे भांडे आणि सर्वांची घाई.

घटसर्पाच्या मुलांची देखभाल करणारी एक शिकाऊ परिचारिका त्याच आजाराने अंथरुणाला खिळली. प्रतिविष टोचून ती वाचली, पण बरी होऊन उठते न उठते तोच साहेबांनी निर्णय सुनावला: "गाऊन नीट घालत नाही. निष्काळजी मुलगी. तिला घरी पाठवा."

घर म्हणजे कल्याणजवळचे मोहने गाव. वडील कारखान्यात, आणि कल्याणचा एक किराणा दुकानदार जावई व्हायला केव्हाचा तयार बसलेला. मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, मला तो माणूस नको, मला वॉर्ड हवा." इतकी स्पष्ट मागणी मी त्या इस्पितळात दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

मी तिला गाऊन उतरवून दाखवायला सांगितले. तिने आधी कमरेची नाडी सोडली, कारण ती मळलेली मानायची. मग हात धुतले. मगच मानेची, स्वच्छ मानलेली नाडी सोडली. बाहेरच्या बाजूला बोट न लावता गाऊन आतून उलटा गुंडाळला. पुन्हा हात धुऊन मुखपट्टी नाड्यांना धरून काढली आणि शेवटी आणखी एकदा हात धुतले. चूक नव्हती. मग रोग शिरला कुठून?

"एवढंच करतेस तू रोज?"

"माझं एवढंच. मग साहेबांचा उतरवते ना."

साहेब खोलीतून सर्वांत शेवटी बाहेर येत, पाठ फिरवत आणि हात पसरत. तोवर हिचा गाऊन आणि मुखपट्टी दोन्ही उतरलेली असत. साहेबांना थांबवणे उद्धटपणाचे, म्हणून दोन नाड्यांच्या मध्ये हात धुणे नाही. उतरवलेला गाऊन ती छातीशी कवटाळून खुंटीवर नेई, आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुशी.

परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाईंना मी हे पटवले. एका रिकाम्या खोलीतल्या पलंगावर मी पांढऱ्या पावडरीत किंचित हळद मिसळून शिंपडली. अंगावर ती डोळ्यांना दिसत नाही, पण धुण्याच्या सोड्यात भिजवलेला कापूस फिरवला की लाल होतो. साहेबांना सांगितले, नव्या शिकाऊंसाठी आपले प्रात्यक्षिक हवे. ते लगेच तयार झाले.

साहेब आणि ती मुलगी, दोघांनी गाऊन चढवून खाटेवरची उशी हलवली, चादर नीट केली. मुलीने स्वतःचा गाऊन उतरवला. मी तिचे हात आणि हनुवटी पुसली. कापूस पांढराच राहिला. साहेब म्हणाले, "म्हणजे तुझी हळद चालत नाही." मग त्यांनी सवयीप्रमाणे पाठ फिरवली आणि हात पसरले.

तिने त्यांचा गाऊन उतरवल्यावर मात्र तिचे तळवे, मनगटे, गाऊन कवटाळल्याने हनुवटी आणि कपाळ, सगळीकडून कापूस लाल निघाला. साहेबांच्या मानेवर तिच्या बोटांचा ठसा उमटला. मुखपट्टी हनुवटीखाली ओढून ते बोलत होते, तो गालही लाल झाला.

"अहो, लग्न ठरण्याआधीच हळद!" मेट्रनबाई म्हणाल्या. "साहेब, निष्काळजी कोणाला म्हणायचं?"

साहेबांनी चष्मा पुसला. मी तोही पुसून पाहिला. लाल.

"मग माझा गाऊन काढायचा कोणी?"

"ज्यानं घातला त्यानं, साहेब."

यावर बराच विचार झाला. मान मागे वळवून गाठ सोडणे हे हुद्द्याला शोभेल का, हा मुद्दा त्यात मुख्य होता. जंतूंना हुद्दे कळत नाहीत, असे मी म्हणाले. ते मत कोणीही टिपून घेतले नाही. अखेर शेरा पडला की मुलीला "मानवतेच्या दृष्टीने" ठेवावे. प्रयोगाचा उल्लेख कुठेच नव्हता.

ती वॉर्डात परतली, त्या दिवशी मी मुद्दाम तिकडे गेले. साहेब खोलीतून बाहेर आले, पाठ फिरवली, हात पसरले. ती धुतलेले हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मग ती शांतपणे म्हणाली, "साहेब, आधी कमरेची."

साहेबांनी मागे हात नेऊन गाठ चाचपायला सुरुवात केली.