पगाराआडचं कारण

बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह शहरातल्या बिस्किट कारखान्यात पॅकिंगमध्ये माणसं टिकेनात. नोकरी सोडताना घेतलेल्या त्यांच्या मुलाखती वाचून कार्यालयातली राद्का संचालकांसाठी गोषवारा लिहीत होती. त्यातून कामावर राहिलेल्या बायकांचं काहीतरी भलं व्हायचं होतं. पहिलं उत्तर सगळ्यांचंच पगार. पण पुढं बोलता बोलता बहुतेकजणी एकाच गोष्टीवर येत: उद्याची कामाची पाळी आदल्या संध्याकाळी बदलते.

पाळ्या लावणारा स्टोइल डोकावला. "पगार लिही नि मोकळी हो, बाई! का पाळी बदलली म्हणून पोराच्या नामदिनाला, त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, मुकलेल्या त्या एकीचं रडगाणंही लिहिणार?"

"ते नाही. त्यावरून ती ओळखू येईल. पण पाळीचं पुष्कळजणी बोलल्यात, साहेब. ते सगळ्यात वर."

"माझ्यावर येईल ते!"

"खरंय," म्हणत तिनं क्रूसाची खूण केली आणि गोषवारा पाठवून दिला.