चार्जिंगला लावलेला फोन

परिपाठात पाच मिनिटं बोलायचं होतं, विषय मोबाइलचं चार्जिंग. घणसोली गावातल्या आमच्या शाळेत असले विषय माझ्याच गळ्यात पडतात, कारण माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट. हात कोरडे हवेत, फुटका प्लग नि सोललेली वायर वापरायची नाही, फोन उशीखाली ठेवून चार्ज करायचा नाही, सगळं सांगून झालं. मग विचारलं, "कुणाच्या घरी आहे का असा प्लग?"

पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. "आमचा चार्जर फुटलाय, बाई. आतलं सगळं दिसतं. पप्पांनी टेप लावलीय, पण ती सुटते. मोरीच्या बाजूलाच बोर्ड आहे."

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे मी तिच्या आईला फोन लावला. चांगलं खडसवायचं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आमच्या स्टाफरूममध्ये मला म्हणतात ते उगाच नाही.

दोन रिंग वाजल्या आणि मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, फोन चार्जिंगलाच असेल आता. आई धुणं धुतेय. ती ओल्या हातानेच चार्जर ओढते."

मी फोन कट केला. पण मिस्ड कॉल तर गेला होता, आणि शाळेचा फोन दिसल्यावर कुठली आई गप्प बसेल? पुन्हा फोन करून "उचलू नका" सांगायचीही सोय नव्हती. परिपाठ दुसऱ्या बाईंवर सोपवून मी मुलीला घेऊन निघाले. घर मागच्याच गल्लीत होतं, तरी रस्ता संपेना. मी फार घाबरले होते.

मुलीचं बिऱ्हाड वरच्या खोलीत होतं, खाली घरमालकीण दारातच बसली होती. "वरच्या खोलीचा मेन स्विच कुठाय?" मी ओरडले. तिने जिन्याखाली बोट दाखवलं. मी हात घातला तोच मुलीने माझा पदर ओढला.

"बाई, हात."

तळवे घामाने थबथबले होते. पदराला खसाखसा पुसले आणि स्विच खाली ओढला.

"बंद हाय आता," मालकीण वरच्या खिडकीकडे बघून म्हणाली, "पंखा थांबला."

वर मुलीची आई मोरीपाशी उभी होती, कोपरापर्यंत साबण, हात चार्जरपासून वीतभर लांब. नळाच्या आवाजात तिला रिंग ऐकूच गेली नव्हती. नळ बंद केल्यावर स्क्रीनवर शाळेचा नंबर दिसला होता.

"हिला काय झालं की काय, म्हणून फोन घेत होते," ती म्हणाली. मला तिला रागावता आलं नाही. लाइट बंद असतानाच, हात पुसून, तो चार्जर मी काढला आणि पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी एवढंच बोलले, "चार्जिंगला लावलेला फोन वाजला, तर वाजू द्या. आधी हात पुसा."

त्याच मुलीने विचारलं, "बाईंचा असला तरी?"

"बाईंचा असला तरी," मी म्हणाले.