तेरावा भाग झाल्यावर

बेळगावच्या कॅम्पात माझी मावसबहीण राहायची. तिला मी आक्का म्हणायचे. तिचे यजमान लष्कराच्या कचेरीत कारकून होते. मला बेळगावातल्या मराठी शाळेत नोकरी लागली तेव्हा निपाणीहून माझी ट्रंक आली ती थेट आक्काच्या घरी. त्याच सुमारास गावात टीव्ही दिसायला लागला होता आणि आमच्या ओळीत पहिला संच आक्काकडे आला. आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या बातम्या झाल्या की एक विनोदी हिंदी मालिका लागायची. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत चपला ठेवायला जागा उरत नसे.

मालिकेत एक विम्याची कचेरी होती. शेजारशेजारच्या टेबलांवर एक तो आणि एक ती. दिवसभर भांडायचे. पंखा कुणाकडे वळवायचा यावरून, खिडकीवरून, डब्यातल्या लोणच्यावरून. ती आजारी पडली की हा तिच्या फायली गुपचूप पुऱ्या करायचा. त्याला साहेब रागावला की ही साहेबाशी भांडायची. दोघांच्या मनात काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्या दोघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. दर भागाच्या शेवटी तो म्हणायचा, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं," आणि तेवढ्यात फोन वाजायचा नाहीतर शिपाई चहा घेऊन यायचा. पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा पंख्यावरून भांडत.

"अगं बोल की बाई, तूच बोल!" आक्का टीव्हीला सांगायची. "ह्यो काय बोलत न्हाय!"

शेजारच्या खोलीत पोस्टातले एक कारकून भाड्याने राहत. खानापूरकडचे शेतकरी घराण्यातले. हौशी मंडळासाठी एकांकिका लिहायचे. चित्र हललं की छपरावर चढून अँटेना फिरवायचं काम त्यांचं, म्हणून त्यांना खुर्ची मिळे. ते हसत कमी, बघत जास्त. एकदा आक्का चिडून म्हणाली, "ह्यास्नी एकदा लगीन लावून द्यायला काय होतंय?"

"मग पुढच्या आठवड्यात तुम्ही कशाला बघाल?" ते म्हणाले. "माणूस प्रश्नासाठी येतो, वहिनी. दर वेळी दोघांना एक पाऊल जवळ आणायचं आणि पाऊण पाऊल मागे न्यायचं. तेवढं पाव पाऊल पुढं सरकलं पाहिजे, नाहीतर लोक कंटाळतात."

"आणि तो फोन?" मी विचारलं.

"फोन म्हणजे लबाडी. एकदा चालतो. अडचण माणसाच्या आतून यायला हवी. ती मानी आहे आणि हा भित्रा आहे, ही खरी अडचण."

सकाळी मी शाळेला आणि ते पोस्टात, वाट बरीचशी एकच होती. आम्ही त्या मालिकेवर वाद घालत जायचो. दोघांनी लवकर एकत्र यावं हे माझं म्हणणं. लांबवावं हे त्यांचं. हळूहळू वाद संपला तरी आम्ही सावकाश चालायला लागलो.

त्या वेळी मालिकांना तेराच भाग मंजूर व्हायचे. त्यामुळे लेखकाने हिशेबाने तेराव्या भागात त्यांना बोलतं केलं. फोन वाजला, तर तिने रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आता सांगा." शेवटच्या दोन मिनिटांत हार पडले. खोलीत टाळ्या वाजल्या. आक्काने कुंदा आणून ठेवला होता, तो वाटला.

"तेराव्याला गोड," ते हळूच म्हणाले. मी त्यांच्याकडे रागाने बघितलं.

पण लोकांना मालिका इतकी आवडली होती की आणखी तेरा भाग मिळाले. "आता बिचारा लिहिणार काय?" ते म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

आणि झालंही तसंच. प्रश्न सुटला होता, म्हणून लेखक बाहेरून भांडणं आणू लागला. सासू आली. आमटीत मीठ जास्त झालं. मग तिच्या पर्समध्ये कुणाचं तरी पत्र सापडलं आणि जो माणूस तिच्या फायली गुपचूप लिहायचा तो एकाएकी संशयी झाला. ते मिटलं तर त्याची कॉलेजातली मैत्रीण उगवली. दोघांवर लिहायला काही सुचेना म्हणून कचेरीतल्या टेलिफोनवालीचं आणि शिपायाचं जुळवायला घेतलं, म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या जोडीला नेऊन चिकटवला. मग नायिकेला उलट्या सुरू झाल्या.

"पाळणा हलला म्हणजे लेखक थकला," ते म्हणाले.

खोलीत जागा होऊ लागली. आक्का मालिका चालू असताना तांदूळ निवडायला बसायची. आणि का कोण जाणे, सकाळच्या वाटेवर तेही गप्प गप्प असत.

अशातच निपाणीहून माझ्या वडिलांचं, आप्पांचं पत्र आलं. एक स्थळ आहे, मुलगा मास्तर आहे, रविवारी ये. सकाळी वाटेत मी ते त्यांना सांगितलं.

"मला तुम्हाला एक..." ते म्हणाले आणि थांबले. तिथे फोन नव्हता की शिपाई नव्हता.

"सांगा," मी म्हणाले.

"बघतोय ना आपण, जुळल्यावर काय होतं ते. सगळी मजा जाते. आत्ता आहे तेच..."

"लोकांची मजा जाते," मी म्हणाले. "आपल्याला कोण बघायला बसलंय?"

ते भराभर चालू लागले. मग मीच बोलले. "खरं सांगा. मालिकेचं राहू दे. आमचं घर बौद्ध आहे, आई निपाणीत विड्या वळते, आणि तुमच्या वडिलांना हे सांगायचं तुमच्याच्यानं होत नाही. असंच ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "व्हय," ते म्हणाले. एरवी ते माझ्याशी गावाकडचं बोलत नसत.

रविवारी मी निपाणीला गेले. स्थळाला अजून हो म्हणू नका, एवढंच आप्पांना सांगितलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

त्याच आठवड्यातला भाग मला अजून आठवतो. नवराबायको रेशन कार्डावर तिचं नाव चढवायला जातात. ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर, एक कारकून जेवायला गेलेला, दुसरा सहीसाठी तिसऱ्याकडे पाठवतो. दोघं रांगेत उभे राहून पंख्यावरून भांडायचे तसेच भांडतात, पण आता दोघं एका बाजूला आणि कचेरी दुसऱ्या बाजूला. संशय नाही, मैत्रीण नाही. आम्ही कितीतरी दिवसांनी पोट धरून हसलो. आक्काने सूप बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत ते म्हणाले, "मी चुकीचं सांगत होतो. 'होईल की नाही' हा प्रश्न संपला तर संपू द्यावा. माणसं तीच ठेवावीत आणि दोघांनी मिळून सोसायचं असं काहीतरी द्यावं. लेखकानं दोघांना वेगळं काढायला भांडणं आणली, तिथं घसरलं." मग म्हणाले, "शनिवारी मी गावाला जातोय. वडिलांशी बोलायला."

वडिलांनी हो म्हटलं नाही. खूप बोलले, मग बोलायचेच बंद झाले. आमचं लग्न निपाणीला झालं, बुद्धवंदना घेऊन, साधंच. त्यांच्याकडून फक्त धाकटी बहीण आली. वडील दीड वर्षाने आले. दारातच उभे राहिले, पाण्याचा तांब्या माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "पोस्टाची वेळ काय गं त्याची?" त्या दिवशी जेवून गेले.

मालिका आमच्या लग्नाच्या सुमारासच सव्वीस भागांवर संपली होती. शेवटचा भाग आम्ही बघितला नाही. घर शोधत हिंडलग्याकडे फिरत होतो. मालकाला दोघांची आडनावं ऐकून काहीतरी आठवायचं आणि खोली आधीच दिलेली असायची. चौथ्या घरी जागा मिळाली. परतताना ह्यांनी विचारलं, खाट कुठल्या भिंतीला लावायची, आणि आमचं त्यावरून कॅम्पापर्यंत भांडण चाललं.